31 जुलैच्या आधी कागद मागताना

आर्थिक वर्ष 2023-24 ची आयकर विवरणपत्रं भरायची मुदत 31 जुलै 2024 ला संपली. तोवर देशभरात 7.28 कोटींहून अधिक विवरणपत्रं दाखल झाली होती. आयकर विभागाने जाहीर केलेल्या आकड्यांनुसार त्यांतली 69.92 लाख त्या शेवटच्या एका दिवसात आली, म्हणजे जवळपास दहातलं एक. यांतली पुष्कळशी पगारदार, पेन्शनर, दुकानदार, छोटे व्यावसायिक अशांची असतात आणि ती कुठल्या तरी सीए किंवा करसल्लागाराच्या कार्यालयातून जातात. त्या कार्यालयांत जुलैभर एकच काम मुख्य असतं: लोकांकडून कागद मिळवणं. विवरणपत्र भरायला तासभर लागतो, कागद यायला महिना.

हे प्रकरण त्या महिन्याबद्दल आहे. शंभर-दोनशे लोकांना पुन्हा पुन्हा आठवण करून द्यायची, पण त्यांना ती धमकी वाटू द्यायची नाही, हे कसं साधायचं? शब्द गोड केले की भागतं, असं अनेकांना वाटतं. माझं मत वेगळं आहे. निरोप धमकीसारखा वाटतो तो बहुधा मजकूर लिहायच्या आधीच बिघडलेला असतो. कोणाकडून नेमकं काय यायचं राहिलंय हे पाठवणाऱ्यालाच ठाऊक नसतं, म्हणून तो सगळ्यांना एकच भीती घालतो.

आधी हिशेब कार्यालयाचा

समजा तालुक्याच्या गावी तिघांचं कार्यालय आहे. एक सीए, दोन सहायक आणि 240 क्लायंट, सगळे 31 जुलैच्या मुदतीतले. ऑडिट लागणाऱ्यांची तारीख वेगळी असते, त्यांना इथे धरलेलं नाही. मालकाने कापलेल्या कराचं शेवटच्या तिमाहीचं विवरण 31 मेपर्यंत जातं आणि फॉर्म 16 हातात पडायची तारीख 15 जून. बँका, म्युच्युअल फंड वगैरेंकडची माहितीही मेअखेरीस विभागाकडे जाते, त्यामुळे एआयएस, म्हणजे विभागाच्या संकेतस्थळावर दिसणारं वार्षिक माहिती विवरण, जूनच्या मध्याआधी पूर्ण भरलेलं नसतं. खरी कामाची खिडकी 16 जून ते 31 जुलै. 2024 मध्ये रविवार वगळता त्यात 39 दिवस होते. 240 भागिले 39, म्हणजे रोज सहा विवरणपत्रं. तिघांना हे सहज झेपतं. चुका तपासायला, एआयएसमधला आकडा बँकेच्या आकड्याशी ताडून बघायला वेळ उरतो.

निम्म्या लोकांचे कागद 24 जुलैनंतर आले, तर उरलेल्या सहा कामाच्या दिवसांत 120 विवरणपत्रं, रोजची वीस. मग ताडून बघणं संपतं. शिवाय त्याच दिवसांत संकेतस्थळ मंद चालतं आणि ओटीपी उशिरा येतात. कागद लवकर मागण्यामागचं खरं कारण हे आहे आणि ते क्लायंटला सरळ सांगण्यासारखं आहे. कार्यालयं मात्र ते क्वचितच सांगतात. त्याऐवजी दंडाची भाषा येते.

नेहमीचा निरोप

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात फिरणारा मजकूर साधारण असा असतो: ‘सर्व क्लायंट्सना कळविण्यात येते की आयकर विवरणपत्र भरण्याची अंतिम तारीख 31 जुलै आहे. आपली सर्व कागदपत्रे त्वरित जमा करावीत. अन्यथा रु. 5,000 दंड होईल. नोटीस आल्यास कार्यालय जबाबदार राहणार नाही.’

हा निरोप कोणाकोणापर्यंत जातो बघा. एक आयटी कंपनीतला नोकरदार, ज्याचा फॉर्म 16 त्याने जूनमध्येच पाठवलाय. त्याला वाटतं, माझं काम झालं, हे इतरांसाठी असेल. एक निवृत्त शिक्षिका, जिचं एकूण उत्पन्न पाच लाखांच्या आत आहे. तिला उशिराचं शुल्क लागलंच तर एक हजार लागेल, पाच नाही. एक गृहिणी, जिचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली आहे आणि जी केवळ बँकेने कापलेला कर परत मिळवायला विवरणपत्र भरते. विवरणपत्र भरणं तिच्यावर सामान्यतः बंधनकारक नसल्याने तिला हे शुल्क लागूच होत नाही. आणि एक किराणा दुकानदार, ज्याला ‘सर्व कागदपत्रे’ म्हणजे काय हे कळत नाही. तो पिशवीभर बिलं घेऊन येईल किंवा येणारच नाही.

म्हणजे निरोपातली भीती चौघांतल्या दोघांसाठी चुकीची आहे, एकाला ती लागू आहे हे त्याला कळत नाही आणि चौथ्याला काय करायचं ते समजत नाही. ज्यांना 5,000 लागू नाहीत त्यांना ते सांगणं ही माहितीची चूक आहे, आणि हिशेबाच्या माणसाकडून आकड्याची चूक लोक विसरत नाहीत. ‘कार्यालय जबाबदार राहणार नाही’ या वाक्यातून तर वाचणाऱ्याला एवढंच कळतं की अडचण आली तर हे आपल्या बाजूला उभे नसतील.

आणखी एक गोष्ट गेल्या काही वर्षांत महत्त्वाची झाली आहे. फसवणूक करणारे लोक आयकर विभागाच्या नावाने संदेश पाठवतात: परतावा अडकलाय, पॅन बंद होईल, लगेच या लिंकवर जा. त्यांची भाषाही अशीच असते. घाई, दंड आणि खाली लिंक. सावध माणूस असा संदेश उघडत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. कार्यालयाचा निरोप त्याच साच्यातला असेल तर तोही त्याच टोपलीत जातो. म्हणून कागद मागणाऱ्या निरोपात लिंक घालू नये, पासवर्ड मागू नये, आणि त्यात अशी एखादी गोष्ट असावी जी फक्त त्या माणसाच्या कार्यालयालाच ठाऊक असेल.

लोक कागद का देत नाहीत

विसराळूपणा हे यातलं सगळ्यात लहान कारण आहे. बऱ्याच जणांना कुठला कागद हवा आणि तो कुठे मिळतो हे ठाऊक नसतं. काहींचा कागद दुसऱ्याच्या हातात असतो: कंपनीच्या एचआरकडे, ब्रोकरच्या ॲपमध्ये, पुण्याला राहणाऱ्या मुलाच्या ईमेलमध्ये. आणि काहींना ज्याबद्दल बोलायचं नसतं असं काहीतरी असतं. दुकान तोट्यात गेलेलं असतं, शेअरमध्ये पैसे बुडालेले असतात आणि घरी सांगितलेलं नसतं, भावाला दिलेली रोख रक्कम खात्यातून गेलेली असते. मागच्या वर्षीची सीएची फी द्यायची राहिली असेल तर माणूस कार्यालयाच्या गल्लीतून जायचंही टाळतो. हे शेवटचं कारण फार सर्रास आढळतं आणि त्यावरचा उपाय सोपा आहे. फीची आठवण आणि कागदांची आठवण एका निरोपात कधीच घालू नये. फीचं बोलणं विवरणपत्र भरून झाल्यावर, वेगळं.

या तिन्ही तऱ्हांच्या माणसांवर दंडाची भीती चालत नाही. ज्याला कागद कुठे मिळतो हे ठाऊक नाही तो घाबरून जास्तच थांबतो. ज्याचा कागद मुलाकडे आहे त्याला घाबरवून मुलाचा ईमेल उघडत नाही. आणि जो लाजतोय तो आणखी लपतो.

यादी आधी, मजकूर नंतर

म्हणून सुरुवात मेमध्ये, एका तक्त्यापासून करावी. प्रत्येक क्लायंटच्या नावासमोर गेल्या वर्षीच्या विवरणपत्रावरून लिहायचं: कोणते कागद लागतील, त्यांतले कोणते आले, राहिलेला कागद कोणाकडे असतो, आणि शेवटचं बोलणं कधी झालं. कामाला दोन-तीन दिवस जातात, पण त्यानंतर प्रत्येक निरोप या तक्त्यातून आपोआप लिहिला जातो.

मे महिन्यात फॉर्म 16 मागू नये. तो अजून निघालेलाच नसतो. मागितला तर माणूस एचआरकडे जाऊन हात हलवत परत येतो आणि पुढचा निरोप वाचत नाही. मेमध्ये मागायचे ते तेव्हा मिळू शकणारे कागद: गृहकर्जाचं व्याजाचं प्रमाणपत्र, विम्याच्या हप्त्यांच्या पावत्या, बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र, घरभाड्याच्या पावत्या. महाराष्ट्रात एक खास कागद असतो तो पतसंस्थेच्या पासबुकाचा. पतसंस्थेतल्या ठेवीवरचं व्याज एआयएसमध्ये अनेकदा दिसत नाही, आणि निवृत्त माणसांच्या ठेवी तिथे हमखास असतात. तो कागद क्लायंटने दिला नाही तर तो मागायची आठवण दुसरं कोणी करून देत नाही.

आता निवृत्त शिक्षिकेला 1 जुलैला पाठवायचा निरोप बघू.

‘ताई, नमस्कार. तुमचं पेन्शनचं प्रमाणपत्र मिळालं. आता दोनच कागद राहिलेत. एक, बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र; काउंटरवर “इंटरेस्ट सर्टिफिकेट, 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024” असं सांगितलं की देतात. दोन, पतसंस्थेच्या पासबुकाच्या त्याच वर्षाच्या पानांचा फोटो. बँकेने तुमच्या व्याजातून 8,200 रुपये कर कापलेला दिसतोय. विवरणपत्र भरलं की तो परत मागता येईल. शनिवार 6 जुलैपर्यंत कागद मिळाले तर पुढच्या आठवड्यात भरून टाकू. बँकेत जायला जमणार नसेल तर मला कळवा.’

या मजकुरात दंड नाही, कारण तिच्या बाबतीत मुख्य गोष्ट दंडाची नाहीच. तिचे 8,200 रुपये सरकारकडे आहेत आणि विवरणपत्र भरेपर्यंत ते परत यायची प्रक्रिया सुरू होत नाही. वेळेत भरलं तर परताव्यावरचं व्याज 1 एप्रिलपासून धरलं जातं. उशिरा भरलं तर भरल्याच्या दिवसापासून. हे तिला सांगणं म्हणजे तिच्या फायद्याची माहिती देणं आहे. काय मिळालं ते निरोपात आधी लिहिलंय, त्यामुळे तिने पाठवलेला कागद वाया गेला नाही हे तिला कळतं. काय राहिलं ते मोजून दोनच आहे. आणि 8,200 हा आकडा पाहून हा संदेश कोणा भामट्याचा नाही याची तिला खात्री पटते. (हा आकडा संदेशात द्यायचा तर तो तिच्या स्वतःच्या नंबरवरच जायला हवा. घरच्या सगळ्यांच्या गटात किंवा मुलाच्या नंबरवर तिला न विचारता तो टाकू नये.)

परिणाम सांगायचा, पण कसा

काही क्लायंटच्या बाबतीत उशिराचा परिणाम खरोखर मोठा असतो, आणि तो न सांगणं हे त्यांच्यावर अन्यायाचं होईल. त्या वर्षीच्या नियमांनुसार एक उदाहरण पूर्ण करून बघू.

एका नोकरदाराचा पगार वर्षाला 12 लाख. जुन्या करपद्धतीत त्याला 50,000 ची प्रमाणित वजावट, 2,500 व्यवसाय कर, गृहकर्जाच्या व्याजाचे 2 लाख, भविष्य निर्वाह निधी आणि विमा मिळून दीड लाख, आरोग्य विम्याचे 25,000 अशा वजावटी मिळतात. करपात्र उत्पन्न राहतं 7,72,500. त्यावर कर 67,000 आणि उपकर धरून 69,680 रुपये. मालकाने तेवढाच कापलेला आहे. हाच माणूस नव्या पद्धतीत गेला तर पगारातून फक्त प्रमाणित वजावट वजा होते, करपात्र उत्पन्न 11,50,000 होतं आणि उपकरासह कर 85,800.

आता नियम असा, की आर्थिक वर्ष 2023-24 पासून नवी पद्धत आपोआप लागू होणारी आहे. जुनी हवी असेल तर पगारदाराने ती मुदतीत भरलेल्या विवरणपत्रातच निवडावी लागते. 31 जुलै उलटून गेल्यावर त्याला तो पर्याय उरत नाही. म्हणजे एका दिवसाच्या उशिराने त्याचा कर 16,120 रुपयांनी वाढतो. उशिराचं शुल्क 5,000. दोन्ही मिळून 21,120 आणि वर व्याज. शिवाय त्याने त्या वर्षी शेअरमध्ये 90,000 चा तोटा सोसला असेल, तर तो पुढच्या आठ वर्षांतल्या नफ्यातून वजा करायचा हक्कही जातो, कारण तो तोटा पुढे ओढायचा तर विवरणपत्र मुदतीत भरलेलं असावं लागतं.

लोकांना 5,000 चा दंड ठाऊक असतो. ही 16,120 ची गोष्ट ठाऊक नसते. सीएला ती ठाऊक असते. त्याने ती सांगावी, पण या तऱ्हेने:

‘सर, नमस्कार. फॉर्म 16 मिळाला. गृहकर्जाचं प्रमाणपत्र आणि ब्रोकरचं कॅपिटल गेन स्टेटमेंट राहिलंय. ॲपमध्ये “रिपोर्ट्स”मध्ये “टॅक्स पी अँड एल” असं दिसेल, वर्ष 2023-24. तुम्हाला जुनी करपद्धत फायद्याची आहे, फरक साधारण 16 हजारांचा. ती घ्यायची तर विवरणपत्र 31 जुलैच्या आत जावं लागतं. दोन्ही कागद 10 जुलैपर्यंत मिळाले तर तुमचा हिशेब करून, दोन्ही पद्धतींचे आकडे दाखवून मगच भरू.’

इथे परिणाम सांगितलाय, पण मागणीनंतर, एकदाच, आणि त्या माणसाच्या स्वतःच्या आकड्यात. पुढे लगेच वाटही दाखवली आहे. धमकी आणि माहिती यांच्यातला फरक पुष्कळदा तारखेचा असतो. हेच वाक्य 1 जुलैला लिहिलं तर माणसाच्या हाती तीस दिवस असतात आणि तो ते माहिती म्हणून वाचतो. तेच 29 जुलैला पाठवलं तर त्याच्या हाती काही नसतं, आणि ते धमकीसारखंच वाचलं जातं, कितीही नरम शब्दांत लिहिलं तरी. म्हणून सगळ्यात कडू गोष्ट सगळ्यात आधीच्या निरोपात असावी आणि पुढच्या निरोपांतून ती गळत जावी. बहुतेक कार्यालयं याच्या नेमकं उलट करतात: पहिला निरोप मोघम, शेवटचा जहाल.

दोन तारखा

वरच्या निरोपांत 6 जुलै आणि 10 जुलै अशा तारखा आहेत. या कार्यालयाच्या तारखा. कायद्याची तारीख 31 जुलै. काही जण लोकांनी लवकर कागद द्यावेत म्हणून ‘15 जुलै ही शेवटची तारीख आहे’ असं सांगतात. हे करू नये. खरी तारीख वर्तमानपत्रात छापून येते, आणि ती वाचल्यावर पुढच्या वर्षी त्या कार्यालयाच्या कुठल्याच तारखेवर कोणी विश्वास ठेवत नाही. दोन्ही तारखा उघडपणे सांगितल्या की अडचण राहत नाही: ‘कायद्याची मुदत 31 जुलै. आमच्याकडे 10 जुलैपर्यंत आलेले कागद आधी घेतो, त्यानंतरचे आले त्या क्रमाने.’ यात कोणाला नकार नाही, फक्त रांग आहे, आणि रांग लोकांना पटते.

मुदतवाढीचा प्रश्न हटकून येतो. ‘वाढेल हो तारीख, दरवर्षी वाढते.’ करोनाच्या दोन वर्षांत ती खूप वाढली होती. 2022, 2023 आणि 2024 मध्ये ऑडिट न लागणाऱ्यांची 31 जुलै एका दिवसानेही वाढली नाही. 2025 मध्ये मेअखेरीस ती 15 सप्टेंबरवर नेली गेली आणि मग शेवटच्या क्षणी आणखी एक दिवस देऊन 16 सप्टेंबर झाली. म्हणजे क्लायंटचं म्हणणं कधी बरोबर ठरतं, कधी नाही. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. ‘वाढली तर बरंच, तोवर तुमचे कागद तयार ठेवू’ एवढं पुरतं. आणि मुदत खरंच वाढली तर कार्यालयाने ती बातमी स्वतःहून सगळ्यांना सांगावी. चांगली बातमीही ज्याच्याकडून येते त्याची आठवण लोक मनावर घेतात.

पोचतो का

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीबद्दल एक बारीक गोष्ट फार कार्यालयांना माहीत नसते. ब्रॉडकास्टचा संदेश ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच पोचतो. बाकीच्यांना तो जातच नाही, आणि कार्यालयाला वाटतं सांगून झालं. ज्याला तीन वेळा ‘कळवलं’ होतं तो क्लायंट 30 जुलैला येऊन ‘मला काहीच मिळालं नाही’ म्हणतो तेव्हा तो बहुधा खरं बोलत असतो. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला, भेटीच्या वेळीच, नंबर साठवून घ्यायला सांगावं, आणि निरोप पोचल्याच्या दोन खुणा दिसतात का ते यादीत तपासावं. व्हॉट्सॲपचा गट करणं त्याहून वाईट. तिथे सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, आणि कोणीतरी गडबडीत पॅन कार्ड आणि बँकेचं स्टेटमेंट गटातच टाकतं.

10 जुलैनंतर ज्यांचं उत्तर नाही, त्यांना पुन्हा लिहू नये. फोन करावा. 240 पैकी तोवर बहुधा साठ-सत्तर राहिलेले असतात, आणि दोन सहायकांनी रोज पाच-पाच फोन केले तर आठवड्यात होतात. फोनवर मागणीआधी प्रश्न विचारायचा. किराणा दुकानदाराला सहायक विचारते, ‘काका, कागदांचं कुठे अडतंय का?’ तो जरा वेळाने सांगतो, की चालू खात्याचं स्टेटमेंट काढलंय, पण त्यात मेहुण्याचे तीन लाख आले-गेले आहेत, ते कसं दाखवायचं कळत नाही. ‘ते आपण बसून बघू. येताना फक्त स्टेटमेंट आणि जीएसटीच्या विक्रीचे आकडे घेऊन या, शनिवारी साडेचारला या.’ तीन मिनिटांचा फोन. कागद अडकण्यामागचं कारण लेखी निरोपाला कधीच कळलं नसतं.

इतरांचं उदाहरण देण्याचाही एक मार्ग आहे. ब्रिटनच्या कर विभागाने कर थकवलेल्या लाखाहून अधिक लोकांना पत्रं पाठवून एक प्रयोग केला होता. दहापैकी नऊ जण कर वेळेत भरतात, अशा अर्थाचं वाक्य घातलेल्या पत्रांनंतर पैसे लवकर आले. त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘जर्नल ऑफ पब्लिक इकॉनॉमिक्स’मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या कार्यालयाने 12 जुलैला ‘आपल्या 240 पैकी 170 जणांचे कागद आले’ असं लिहायला हरकत नाही, आकडा खरा असेल तर. मात्र हे वाक्य उशीर करणाऱ्याला एकट्याला पाठवलं की टोचतं. ते सर्वांना जाणाऱ्या सूचनेतच शोभतं.

शेवटचा आठवडा आणि त्यानंतर

25 जुलैला अजून दहा-पंधरा जण उरलेले असतात. त्यांना स्पष्ट लिहावं लागतं, आणि ते स्पष्ट लिहिणं धमकी होत नाही, जर त्यात कार्यालय आपली मर्यादा सांगत असेल: ‘सर, 28 तारखेच्या संध्याकाळपर्यंत कागद आले तर 31 च्या आत भरायची खात्री देतो. त्यानंतर आले तर प्रयत्न करू, पण खात्री देता येणार नाही. तोवर मिळत नसेल असं वाटलं तर आज फोन करा, आहे त्या कागदांवर काय करता येईल ते बघू.’ हे लिहून ठेवणं कार्यालयाच्याही हिताचं आहे. पुढे तंटा झाला तर काय, कधी, कुणाला सांगितलं होतं याची नोंद राहते. पण ती नोंद तारखेच्या स्वरूपात असावी, ‘जबाबदार राहणार नाही’ या वाक्याच्या स्वरूपात नको.

भरल्यावरही एक आठवण उरते, आणि ती बहुतेक वेळा विसरली जाते. विवरणपत्र दाखल झाल्यापासून 30 दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते, आधारवर येणाऱ्या ओटीपीने किंवा इतर मार्गांनी. त्याहून उशीर झाला तर पडताळणीची तारीख हीच भरल्याची तारीख धरली जाते, म्हणजे वेळेत भरलेलं विवरणपत्रही उशिराचं ठरू शकतं. क्लायंटच्या डोक्यात मात्र ‘भरलं’ म्हणजे संपलं. म्हणून पोचपावती पाठवताना त्याच निरोपात लिहावं: ‘एक पायरी राहिली आहे. उद्या सकाळी 11 ला आमच्या कार्यालयातून तुम्हाला फोन येईल, आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेवा. दुसऱ्या कोणाचा फोन आला तर ओटीपी सांगू नका.’

आणि ज्यांची तारीख गेलीच, त्यांना 1 ऑगस्टला एक निरोप जावा. त्यात कुठलाही टोमणा नको, ‘आम्ही सांगितलं होतं’ नको. उशिरा विवरणपत्र भरायची सोय 31 डिसेंबरपर्यंत असते. 2024 च्या डिसेंबरात ती निवासी व्यक्तींसाठी 15 जानेवारी 2025 पर्यंत वाढवली गेली होती. काय गमावलं आणि काय अजून वाचतं हे आकड्यासकट सांगायचं. कर भरायचा राहिला असेल तर त्यावर दर महिन्याला, महिन्याच्या तुकड्यालाही, एक टक्का व्याज चढतं, त्यामुळे ऑगस्टमध्ये भरणं डिसेंबरपेक्षा स्वस्त पडतं. लाजेने गप्प बसलेला माणूस या निरोपाने परत येतो, आणि पुढच्या मेमध्ये त्याचे कागद आधी येतात.

करसल्लागार मित्रांना एवढीच विनंती: यंदाचा पहिला निरोप लिहायच्या आधी यादी उघडा, आणि ज्याच्या नावासमोर राहिलेला कागद लिहिता येत नाही, त्याला निरोप पाठवू नका, फोन करा.